अख्खं डोकं

“दुखतंय ते डोकं. हात कुठं दुखतोय?”

घण्या हे दिवसातून एकदा तरी म्हणायचा. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, आणि स्वतःवर पाळी आली की दुप्पट जोरानं म्हणायचा. म्हणून झालं की घण उचलायचा. सात किलोचा घण. तापून पिवळंधमक झालेलं लोखंड ऐरणीवर यायचं, मिस्त्री छोट्या हातोडीनं जागा दाखवायचा, टिक्, आणि त्या जागेवर घण्याचा घाव पडायचा, धाड्. सव्वीस वर्षं हा संवाद चालला होता. मिस्त्रीनं दाखवलेली जागा घण्यानं एका बोटानंही चुकवली नव्हती.

कारखान्याच्या समोरच त्याचं घर. दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्याची बायको मशीनवर बसून कारखान्यासाठी चामड्याचे एप्रन आणि हातमोजे शिवायची. जाड सुई, मेणाचा दोरा. तिला समोरचा आवाज ऐकू यायचा आणि नुसत्या आवाजावरून नवऱ्याचा दिवस कळायचा. घाव भरीव पडत असला तर सगळं ठीक. घाव आणि घाव यांच्यात श्वासभर जास्त वेळ गेला तर ती मशीन थांबवायची, उठून खिडकीला जाड कापड लावायची आणि बादली खाटेशी आणून ठेवायची. घण्याची अर्धशिशी निघाली, हे तिला तो यायच्या आधीच कळलेलं असायचं.

अर्धशिशी त्याला विशीपासून. तिचं येणं ठरलेलं. आधी डोळ्यांपुढं एक चंदेरी ठिपका. त्या ठिपक्याला करवतीचे दात फुटायचे. ते दात लवलवत, हळूहळू, वीस-पंचवीस मिनिटं पसरत बाजूला जायचे. करवत गेली की डोकं. डावी बाजू, फक्त डावी. डोळ्यामागं कुणी पहार ठोकतंय असं. मग ओकारी, मग उजेड नको, आवाज नको, बायकोच्या बांगडीची किणकिणसुद्धा नको. अंधारात पडला की दिवसभरानं, कधी दोन दिवसांनी सुटायचा. तोवर कारखान्यातले थट्टा करायचे.

“काय घण्या, आज घण आतून चाललाय वाटतं?”

“आतला घणकरी माझ्यापेक्षा चांगलाय,” घण्या म्हणायचा. “एक ठोका चुकवत नाही साला.”

अशी सगळी मजा होती. आणि मग ती सुटीच्या दिवशीची दुपार आली.

जेवण झालं होतं. घण्या खाटेवर आडवा, त्याचा धाकटा भाऊ उंबऱ्यात बसून दात कोरत होता. बायको भांडी आवरत होती. एकाएकी घण्याच्या तोंडून आवाज निघाला. माणसाचा नव्हे. छातीतली सगळी हवा एका दमात पिळून काढावी तसा. बायकोच्या हातातली थाळी खाली पडली. ती वळली तेव्हा घण्या धनुष्यासारखा ताणलेला होता, टाचा आणि टाळू एवढंच खाटेला टेकलेलं. चेहरा जांभळा. मग झटके सुरू झाले. खाट भिंतीवर आदळायला लागली. हात, पाय, मान, जबडा, सगळं एका तालात उडत होतं. तोंडातून लाल फेस.

“भाऊजी! धरा! धरा त्यांना!”

भाऊ छातीवर बसला. तिनं चमचा घेतला आणि त्याच्या दातांत खुपसला. दात कडकन वाजला. अर्धा दात तिच्या तळहातावर आला आणि चमचा वाकला. मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. झटके थांबले. घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. डोळे उघडले, पण त्यात कुणी नव्हतं. ओसाड घराच्या खिडक्यांसारखे.

तेव्हा त्यांनी सोडायला हवं होतं. त्यांनी आणखी घट्ट धरलं.

सव्वीस वर्षं घण मारलेल्या हातानं आधी भावाला उचललं आणि कपाटाच्या काचेत फेकलं. काच फुटली, भावाच्या कोपरापासून मनगटापर्यंत चामडं उलगडलं. बायको ओरडली, “अहो, मी आहे!” आणि पुढं झाली. त्याची मूठ तिच्या गालफडावर पडली. तिला आवाज आला, दुखलं मात्र नंतर. ती भिंतीशी बसली, उजवा डोळा मिटला तो पाच दिवस उघडला नाही. घण्या खोलीच्या मधोमध उभा राहिला, झुलला, जमिनीवर बसला आणि झोपला.

तासाभरानं जागा झाला. दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, “अर्धशिशी झाली वाटतं.” मग त्याला तिचा डोळा दिसला. तो ताडकन उठायला गेला, पडला.

“कुणी मारलं तुला? नाव सांग. त्याचे हात तोडतो.”

ती पदरानं डोळा झाकायला लागली. दाराबाहेर शेजारपाजार जमलं होतं. एक म्हातारी म्हणाली, “सांग की बाई. झाकून काय उपयोग?”

“तुम्ही,” ती म्हणाली.

घण्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. पालथे केले, उताणे केले. मग दाराबाहेर जाऊन ओकला.

डोक्याच्या आजाराची डॉक्टरीणबाई मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर बसायची. बारीक चणीची, पण प्रश्न असे विचारायची की जणू खिळे उपटतेय. तिनं घण्याला विचारलं कमी, बायकोला जास्त.

“आधी काय झालं? डोकं दुखलं की झटके आले?”

“झटके. डोकं नंतर.”

“डोळ्यांपुढं काही दिसलं होतं? करवतीसारखं, हळू पसरणारं?”

“ते अर्धशिशीत दिसतं. त्या दिवशी काही नाही,” घण्या म्हणाला.

“रंगीत गोळे? क्षणभर चमकून गेलेले?”

“नाही.”

“डोकं कुठं दुखलं?”

घण्यानं डोकं चाचपलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. “अख्खं,” तो म्हणाला. “कपाळापासून मानेपर्यंत. अर्धशिशी डावीला असते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “असं अख्खं डोकं दुखत सकाळी उठलात, असं आधी कधी झालंय? जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं?”

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. झालं होतं. वर्षभरात तीन-चार वेळा. एकदा अंथरूण ओलं झालं होतं. जास्त पाणी पिऊन झोपलो, असं म्हणून दोघं हसली होती.

“त्या सकाळी अर्धशिशीच्या नव्हत्या,” बाई म्हणाल्या. “झोपेत फिट येऊन गेली होती. फिटनंतर बऱ्याच जणांचं डोकं दुखतं, आणि ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांचं तर हमखास. ठणकतं, मळमळतं, उजेड नको होतो, म्हणून ती अर्धशिशीच वाटते. कधी कधी मलाही नुसतं डोकं बघून सांगता येणार नाही. म्हणून डोक्याला विचारू नका. आजूबाजूला बघा. करवत आली होती का? जीभ बघा. अंथरूण बघा. उठल्यावर माणूस भांबावलेला आहे का ते बघा.”

“म्हणजे अर्धशिशीची फिट झाली?” बायकोनं विचारलं.

“नाही हो. दोन आजार आहेत, पण शेजारी राहतात. एक ज्या घरी असतो तिथं दुसरा यायची शक्यता जास्त. भिंत एकच.”

डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. तारा लावून मेंदूचा आलेख काढला, त्यात डाव्या बाजूला ठिणग्या दिसल्या. बाई म्हणाल्या, दोन्ही आजारांना चालतील अशी दोन औषधं आहेत. मग विचारलं, काम काय करता?

“घण मारतो. भट्टीपुढं.”

“मग एक बाद. टोपिरामेटनं काहींचा घाम आटतो. भट्टीपुढं घाम नाही आला तर माणूस आतून शिजतो.” त्यांनी दुसऱ्याचं नाव लिहिलं, व्हॅल्प्रोएट. आणखी मूलबाळ व्हायचंय का, तेही विचारलं. मुलगी लग्न होऊन गेली, आता कसलं, असं बायको म्हणाली. “वजन वाढेल. हात थोडा कापेल. यकृतासाठी रक्त तपासत राहायचं. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. एकदम बंद करायची नाही, आपल्या मनानं कमी करायची नाही. आणि भट्टी बंद.”

“भट्टी बंद म्हणजे?”

“आग, उंची, फिरतं यंत्र. वर्षभर तरी नाही. आणि बाई, तुम्ही ऐका. फिट आली तर धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. आजूबाजूचं सामान दूर करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवा. थांबल्यावर माणूस भानावर नसतो. त्या वेळी त्याला धरलं तर तो लढतो. तो कुणाला मारत नसतो. सुटायला बघत असतो.”

बायकोनं नकळत गालाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं.

घण्या पंधरा दिवस घरी बसला. समोरून दुसऱ्या कुणाचा तरी घाव ऐकू यायचा, उथळ, वाकडा. प्रत्येक घावाला घण्या दात खायचा. दहाव्या दिवशी त्यानं खुर्ची भिंतीवर आपटून तिचे तुकडे केले आणि मग ते तुकडे नीट रचून चुलीशी ठेवले. सोळाव्या दिवशी तो कारखान्यात गेला. मिस्त्रीला म्हणाला, “डोक्याची गोळी चालू केलीय.”

ते खरं होतं, पण अर्धं. मिस्त्री म्हणाला, “अर्धशिशीची ना? बरं झालं. ये.” घण्यानं मान डोलावली. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनंही ते तसंच राहू दिलं.

गोळी गुणाची निघाली. फिट गेली, आणि वर अर्धशिशीही गेली. महिन्यात चारदा यायची ती दोन महिन्यांत एकदा आली, मग आलीच नाही. खिडकीवरचं जाड कापड तिनं काढून त्याची पिशवी शिवली. वर्ष गेलं. घण्या अंगानं भरला, गालांवर मांस आलं. आणि हात कापायला लागला.

चहाचा पेला उचलताना बशीत सांडायचा. घण उचलताना नाही, पण घण खाली टेकवून उभा राहिला की दांडा थरथरायचा. भट्टीवाला, जो रोज निखारे सारायचा आणि जिभेला हाड नसलेला माणूस होता, म्हणाला, “घण्या, ऐरणीला घाबरायला लागलास का रे?” सगळे हसले. घण्याही हसला. घरी येऊन हात मांडीखाली दाबून बसला.

“एवढं एकच होतं माझ्याकडं,” तो म्हणाला. “डोकं कधी माझं नव्हतंच. हात माझा होता.”

तिला ते बघवेना. तीच म्हणाली, “अहो, डोकं दुखत नाही ना आता? मग दोन कशाला? संध्याकाळची तेवढी घ्या.” त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि तिनं म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ती विसरली नव्हती. पण घरात त्या गोळीचं नाव ‘डोक्याची गोळी’ पडलं होतं. डोकं शांत, म्हणजे गोळीचं काम संपलं, असा हिशेब मनानं परस्पर मांडला. फिटेचं नाव घरात कुणी काढतच नव्हतं, त्यामुळं फिटेची गोळी कुठली हेही कुणी विचारलं नाही. हात थोडा स्थिर झाला. घाव भरीव पडायला लागला.

पाच आठवड्यांनी ती पहाट आली. बायको उठली तेव्हा घण्या पालथा झोपला होता, घोरत. तिनं सवयीनं त्याच्या बाजूच्या चादरीवरून हात फिरवला. ओली. उशीवर नाण्याएवढा रक्ताचा डाग.

ती तशीच उभी राहिली. मग तिनं काय केलं, तर त्याला हळूच कडेला सारून चादर काढली, उशीचा अभ्रा काढला, दोन्ही मोरीत नेऊन धुतलं, पिळलं, आणि तो उठायच्या आत मागच्या दोरीवर वाळत घातलं. तिच्या डोळ्यांपुढं ती तुकडे तुकडे झालेली खुर्ची होती. तिच्या डोळ्यांपुढं तो मांडीखाली दाबलेला हात होता. गोळी कमी करा असं म्हणणारं आपलंच तोंड तिला दिसत होतं. आणि सगळ्यात वर, शेजारची म्हातारी.

घण्या उठला. दरवाजा सापडेना, भिंतीला धडकला. “डोकं ठणकतंय,” तो म्हणाला. जीभ जड.

“डावं?”

“अख्खं.”

तो शब्द तिनं ऐकला. नीट ऐकला. करवत दिसली का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. तिनं दुखण्याची साधी गोळी आणि पाणी पुढं केलं. “अर्धशिशी परतली असेल,” ती म्हणाली. “आज राहता का घरी?”

“दुखतंय ते डोकं,” घण्या म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.

दुपारी ती डबा घेऊन गेली तेव्हा दारातूनच तिला आवाज चढलेले ऐकू आले. भट्टी पेटलेली, छताखाली धुराचा तवंग. घण्या घण टेकवून उभा होता, चेहरा राखेसारखा.

“घटकाभर बसतो, मिस्त्री. डोकं फुटतंय.”

“आज नांगराचे चाळीस फाळ द्यायचेत आणि तू बसतोस?” मिस्त्री ओरडला. “रोज आम्हाला काय ऐकवतोस रे? दुखतंय ते डोकं, हात कुठं दुखतोय? उचल!”

सगळे खदखदून हसले. घण्याच्या मानेची शीर टम्म फुगली. त्यानं घण उचलला. मिस्त्रीनं सांडशीनं लाल फाळ ऐरणीवर धरला. टिक्. धाड्. टिक्. धाड्. टिक्.

घाव आला नाही.

घण वरच राहिला, मग दांडा हातातून सुटून मागं उडाला आणि पाण्याच्या टाकीवर आदळला. घण्या सरळ पुढं कोसळला. ऐरणीच्या कडेवर कपाळ फुटलं. डावा हात तापल्या फाळावर पडला आणि चामडी जळाल्याचा चर्र आवाज, वास, दोन्ही एकदम आले. ती किंचाळली. झटके सुरू झाले. टाचा फरशीवर वाजत होत्या, रक्त, फेस, राख, सगळं एकत्र उडत होतं. मिस्त्रीनं फाळ लाथेनं दूर ढकलला. ती डबा टाकून धावली, पण मधे माणसं.

“धरू नका! कुणी धरू नका! कुशीवर वळवा!”

कुणी ऐकलं नाही. झटके मिनिटभरात थांबले. घण्या फरशीवर पडला, घोरायला लागला. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि तो कोपरावर उठायला लागला, भट्टीच्या दिशेनं.

“भट्टीत पडेल! धरा रे!” मिस्त्री ओरडला आणि स्वतःच त्याच्या पाठीवर बसला. दोघांनी दोन पाय धरले. भट्टीवाल्यानं जळका हात पकडला, नेमका तोच.

पुढचं सगळं चार श्वासांत झालं. घण्यानं पाठीवरून मिस्त्रीला झटकलं. उजव्या हाताला जमिनीवरची सांडशी लागली. मिस्त्री पुन्हा झेपावला आणि सांडशी फिरली. जबडा मोडल्याचा आवाज कोरडा होता, काटकी मोडावी तसा. मिस्त्री बसकन मारून खाली बसला, तोंडातून रक्त आणि दोन दात एप्रनवर सांडले. तिनंच शिवलेल्या एप्रनवर. पाय धरणारे सुटले. मग ती पुढं झाली, धरायला नाही, घण्या आणि भट्टी यांच्यामधे उभी राहायला. पाठ भाजत होती. घण्या तिच्याकडं आला. दोन हातांच्या अंतरावर थांबला. सांडशी खाली पडली. तो ओळखीचं काही शोधत राहिला, मग गुडघ्यांवर बसला.

पोलिसांची गाडी आणि दवाखान्याची गाडी एकामागोमाग आली.

तिसऱ्या दिवशी फौजदार दवाखान्याच्या वॉर्डात वही घेऊन उभा होता. समोरासमोर दोन खाटा. एकीवर मिस्त्री, जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नाही, छातीवर पाटी. दुसरीवर घण्या, कपाळाला टाके, हाताला पट्ट्या, खाटेशी शिपाई. भट्टीवाला आणि दोघे कामगार भिंतीशी.

“सगळ्यांचं एकच म्हणणं आहे,” फौजदार म्हणाला. “सकाळपासून डोकं दुखत होतं. मिस्त्रीनं सुटी नाकारली, टाकून बोलला. राग आला, सांडशीनं जबडा फोडला. वर झटक्यांचं सोंग.”

“कपाळ फोडून, हात जाळून सोंग?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि सुटायला धडपडणारा माणूस डाव आखत नसतो. फिटनंतर डोकं इतकं शिल्लकच नसतं.”

“पण बाई, डोकं आधीपासून दुखत होतं ना? तुमचंच म्हणणं आहे म्हणे, फिटेचं डोकं नंतर दुखतं. मग आधीचं डोकं रागाचं नाहीतर अर्धशिशीचं. आणि गोळी तर चालू होती, म्हणता. मग फिट कुठून आली?”

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद पुन्हा पाहिला. रक्तात गोळीचं प्रमाण कमी आलं होतं, एवढं त्यांना माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. घण्या छताकडं बघत होता. त्याला काही आठवतच नव्हतं. मिस्त्रीचा जबडा आपण फोडला हे त्यानं तीन वेळा विचारून घेतलं होतं आणि तीनदा रडला होता.

बायको खिडकीशी उभी होती. नवरा तुरुंगात जाईल. नाहीतर नवऱ्याला कळेल. दोन्हींमधे तिसरी वाट नव्हती.

“आधीचं डोकंही फिटेचंच होतं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“पहाटे झोपेत आली होती. चादर ओली होती, उशीवर रक्त. मी धुऊन टाकलं. हे उठले ते भिंतीला धडकले. मला म्हणाले, अख्खं दुखतंय. अर्धशिशी असती तर डावं दुखलं असतं, आधी करवत दिसली असती. मला कळलं होतं. बाईंनी शिकवलं होतं मला. आणि मी यांना भट्टीवर जाऊ दिलं.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “सकाळची गोळीही मीच बंद केली. हात कापतो म्हणून. डोकं दुखत नाही म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी घण्याच्या तोंडात बॅटरी मारली. जिभेच्या कडेला दोन जखमा होत्या. एक ताजी, लाल. एक तिच्या मागं, पांढरट, सुकायला लागलेली. “दोन चावे आहेत,” त्या म्हणाल्या. “एक दुसऱ्याच्या आधीचा. चावा एकटा काही सिद्ध करत नाही. पण यांची बायको सांगते त्याच्याशी सगळं जुळतं.”

फौजदारानं भट्टीवाल्याकडं पाहिलं. भट्टीवाल्याच्या जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा हाड फुटलं. बराच वेळ चाचरला. मग म्हणाला, “साहेब, तो पडून होता. गुपचूप. उठायला लागला तर आम्हीच अंगावर बसलो. मी त्याचा भाजलेला हात धरला. माझा कुणी असा धरला असता तर मीही...”

खडूचा आवाज आला. मिस्त्री पाटीवर लिहीत होता. त्यानं पाटी वर धरली. त्यावर दोनच शब्द होते: मीच धरलं.

फौजदारानं पाटी वाचली. मग त्यानं वहीतलं पान खोडलं आणि सगळ्यांकडून पुन्हा लिहून घ्यायला बसला.

प्रकरण तिथंच मिटलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा दोन्ही वेळच्या केल्या, हात फारच कापला तर मला येऊन सांगा, औषध मी बदलेन, तुम्ही नाही, असं दोघांना उभं करून बजावलं. आणि भट्टीचं नाव काढायचं नाही. कधीच नाही. सरकारी लाकडाच्या वखारीत, काट्यावर वजनं लिहायचं काम भावानं शोधलं.

वखारीवर जायच्या पहिल्या सकाळी घण्या कारखान्यात आपले बूट आणायला गेला. ती बरोबर गेली. काम सुरू व्हायचं होतं. ऐरण थंड होती. मिस्त्री तारांतल्या जबड्यानं नळीतून दूध ओढत बाकावर बसला होता. घण्यानं त्याच्यापुढं हात जोडले. मिस्त्रीनं ते खाली ओढले आणि त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला, हलका. बोलता आलं असतं तर शिवी दिली असती.

दाराशी आल्यावर घण्या बायकोला म्हणाला, “चादरीचं मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घण सोडला असता. मला ते बघवलं नसतं.”

“नसता सोडला,” घण्या म्हणाला. “तू सांगितलं असतंस तरी गेलो असतो. चादर तुझी. जाणं माझं.”

ती रडायला लागली. त्यानं तिच्या गालफडावर, जिथं दीड वर्षापूर्वी मूठ पडली होती तिथं, पट्ट्यांतून बाहेर आलेली दोन बोटं टेकवली. बोटं थरथरत होती. त्यानं ती लपवली नाहीत.

मग बूट काखेत मारून तो रस्त्यानं निघाला. घणकऱ्याची चाल, एका खांद्याकडं कललेली, घण नसताना जराशी तोल शोधणारी. कोपऱ्यावर लोखंडाची गाडी आली तसा बाजूला झाला, आणि गाडी गेल्यावर पुन्हा दिसला, लहान, ताठ. दारात ती उभी होती, बाकावरून मिस्त्री मान वळवून बघत होता, आणि भट्टीवाला हातात काडी धरून, न पेटवता, तो वळणाआड होईतो उभा राहिला.